रेझ्युमे, अपंगत्व आणि सांगण्याची वेळ

अपंगत्व किंवा जुना आजार रेझ्युमेवर लिहावा का, या प्रश्नावर दोन सल्ले सर्रास दिले जातात. एक पक्ष म्हणतो, लपवण्यासारखे त्यात काहीच नाही, सरळ लिहून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, नोकरी हातात पडेपर्यंत अवाक्षर काढू नका. दोन्ही सल्ले स्वभावातून आलेले असतात आणि सांगितल्यावर नेमके काय घडते हे दोघेही पाहत नाहीत. माझ्या मते लिहावे की लिहू नये हा प्रश्न मुळात अपुरा आहे. कोणत्या कागदावर, कोणत्या टप्प्यावर, आणि सांगण्याच्या बदल्यात काय मिळते, हे विचारले तरच त्याचे उत्तर हाती लागते. सरकारी भरतीचा अर्ज, खासगी कंपनीला पाठवायचा रेझ्युमे, मुलाखतीच्या बोलावण्याला दिलेले उत्तर आणि नेमणुकीनंतरचा वैद्यकीय फॉर्म हे चार वेगळे कागद आहेत. प्रत्येकाचा न्याय वेगळा आहे.

आधी पुरावा पाहू. अमेरिकेत रटगर्स आणि सिरॅक्युस विद्यापीठांशी संबंधित संशोधकांनी लेखापालाच्या जागांसाठी 6,016 काल्पनिक अर्ज खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवले. अर्जदारांची पात्रता तोलामोलाची ठेवली होती. फरक सोबतच्या पत्रात होता. काही पत्रांत अपंगत्वाचा उल्लेख नव्हता, काहींत मज्जारज्जूच्या दुखापतीचा होता, काहींत अ‍ॅस्पर्जरचा. हिशेब लिहिण्याच्या कामात ज्यांनी अडथळा येऊ नये, अशाच या दोन स्थिती मुद्दाम निवडल्या होत्या. तरीही ज्या पत्रांत उल्लेख होता, त्यांना मालकांकडून आलेला प्रतिसाद 26 टक्क्यांनी कमी भरला. अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत ही तफावत नवख्यांपेक्षा अधिक होती. म्हणजे 'काम चांगले असले की बाकीचे कुणी पाहत नाही' हा आपला आवडता दिलासा तिथे टिकला नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आकड्याहून महत्त्वाची वाटते. हा भेदभाव सगळीकडे सारखा नव्हता. तो मुख्यतः पंधरापेक्षा कमी माणसे असलेल्या खासगी आस्थापनांत एकवटला होता, आणि अमेरिकेचा 1990 चा अपंगत्वविषयक केंद्रीय कायदा नेमका अशा छोट्या मालकांना लागू होत नाही. जिथे कायद्याचा धाक होता तिथे तफावत आटली. हा एका देशातला, एका व्यवसायातला आणि दोनच स्थितींचा अभ्यास आहे. तो पुण्या-मुंबईच्या बाजाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न आपल्यालाही लागू आहे: इथल्या उमेदवाराने सांगितले, तर त्याच्या पाठीशी कोणता कायदा कितपत उभा राहतो?

आपल्याकडचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्याने मान्यताप्राप्त अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. नोकरीच्या बाबतीत मात्र त्याचे वजन दोन्ही पारड्यांत सारखे नाही. कलम 20 नोकरीत भेदभाव करू नये आणि वाजवी सोयी पुरवाव्यात असे सांगते, पण ते सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. कलम 34 मधले किमान चार टक्के आरक्षणही सरकारीच. खासगी क्षेत्राच्या वाट्याला येते ते मुख्यतः कलम 21. त्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. 2017 च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेली पदे, निवडीची पद्धत, साहाय्यक साधने यांचा तपशील द्यायचा असतो आणि एक संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. मात्र रेझ्युमे वाचून बाजूला सारणाऱ्या खासगी मालकाला थेट जाब विचारता येईल अशी धारदार तरतूद कायद्यात शोधावी लागते. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्याने नोकरी देऊ करण्यापूर्वी आरोग्याविषयी प्रश्न विचारण्यावरच, मोजके अपवाद सोडून, बंदी घातली आहे. तशी सरसकट बंदी आपल्याकडे नाही.

सरकारी भरतीत मोबदला स्पष्ट आहे, त्यामुळे उत्तरही स्पष्ट आहे. तिथे अर्जातला अपंगत्वाचा रकाना भरायलाच हवा. किमान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्याला आरक्षण मिळते, वयाची सवलत मिळते, लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मागता येतो. हे सारे त्या रकान्यावर अवलंबून असते, आणि निकालानंतर 'मीही दिव्यांग आहे' म्हणत आलेल्याला सहसा दाद मिळत नाही. चाळीस टक्क्यांखालच्यांनीही गप्प बसू नये. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले की वाजवी सोयीचा हक्क चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्याशी बांधलेला नाही. त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी लेखनिकाच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. इथे मौन म्हणजे आपला हक्क आपणच सोडणे.

खासगी रेझ्युमेची गोष्ट उलटी आहे. तिथे निदान लिहून बदल्यात काहीच मिळत नाही, आणि जाते ते परत येत नाही. रेझ्युमे एकदा पोर्टलवर चढवला किंवा प्लेसमेंट कन्सल्टंटला पाठवला की तो किती संगणकांत साठतो, कोण तो पुढे ढकलते, पाच वर्षांनी कोण उघडते, यावर उमेदवाराचा ताबा राहत नाही. मुलाखतीत सांगितलेली गोष्ट ऐकणारा समोर असतो. त्याला शंका विचारता येते, आपल्याला खुलासा करता येतो. रेझ्युमेतला 'अपस्मार' किंवा 'बायपोलर' हा एक शब्द मात्र वाचणाऱ्याच्या मनातल्या चित्राशी एकटाच झुंजतो, आणि ते चित्र बहुतेक वेळा चुकीचे असते. म्हणून माझा ठाम कौल असा: खासगी नोकरीच्या रेझ्युमेवर निदान लिहू नये. लिहावी ती गरज, आणि तीही पुढची पायरी तिच्यावाचून अडणार असेल तरच.

गरज आणि निदान यांतला हा फरक एका कल्पित उदाहरणाने नीट उलगडेल. छत्रपती संभाजीनगरची एक तरुणी आहे असे समजू. संगणकशास्त्रात पदवी, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन वर्षांचा अनुभव. दोन्ही कानांनी बरेच कमी ऐकू येते. श्रवणयंत्र लावून आणि ओठांच्या हालचाली वाचून समोरासमोरचे संभाषण तिला जमते, फोनवरचे जमत नाही. पुण्यातल्या दोनशे माणसांच्या कंपनीत ती अर्ज करते. बहुतेक कंपन्यांत पहिली चाळणी लागते ती एचआरच्या दहा मिनिटांच्या फोनने. तिने काहीच लिहिले नाही, तर तो फोन एकतर उचलला जात नाही किंवा अर्धवट ऐकून चुकीची उत्तरे दिली जातात, आणि नावापुढे 'संपर्क होत नाही' किंवा 'संवादकौशल्य कमी' असा शेरा पडतो. मौनाने तिचे रक्षण झाले नाही, उलट तिचे अपंगत्व कामातली उणीव म्हणून नोंदले गेले. आता उलट टोक पाहा. तिने रेझ्युमेच्या डोक्यावर 'श्रवणदोष, 75 टक्के' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तिच्या टेस्टिंगबद्दल काही कळण्याआधी टक्केवारी कळते. ती टक्केवारीही कामाबद्दल काहीच सांगत नाही, कारण प्रमाणपत्रावरचा आकडा शरीराच्या कार्यहानीचा असतो, कामाच्या क्षमतेचा नव्हे.

या दोहोंमधली वाट एका ओळीची आहे. नावाखाली, जिथे फोन नंबर असतो तिथे, तिने लिहावे: 'संपर्क: ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी संदेश, मुलाखत व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष.' एवढ्याने चाळणीची पायरी ओलांडता येते. चाणाक्ष एचआरवाला तर्क करील, करू दे. बाकी पानावर तिने कोणते मॉड्यूल तपासले, स्वयंचलित चाचण्या कशात लिहिल्या, रिलीजनंतर ग्राहकांकडून येणाऱ्या तक्रारी किती कमी झाल्या, हेच असावे. मुलाखतीचा दिवस ठरला की लगेच, किमान मुलाखतीच्या दोन दिवस आधी तरी, उत्तराच्या ई-मेलमध्ये मोकळेपणाने सांगावे: 'मला कमी ऐकू येते. व्हिडिओ कॉलवर लाइव्ह कॅप्शन सुरू ठेवावेत, बोलणाऱ्यांनी कॅमेरा चालू ठेवावा आणि एका वेळी एकाने बोलावे. याखेरीज वेगळी सोय लागत नाही.' या मजकुरातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याने कधी बधिर सहकाऱ्यासोबत काम केलेले नाही, त्याला भीती असते ती खर्चाची आणि अवघडलेपणाची, आणि ते वाक्य त्या भीतीला मर्यादा घालते. उत्तरात नुसती फोनवर बोलायची वेळ आली, तर ई-मेल वाचलाच गेला नाही हे कळते. मग तीच विनंती पुन्हा पाठवावी. व्हिडिओची लिंक आली, तर पुढचा विचार तिच्या कामाचा होईल अशी आशा धरता येते.

हीच रीत इतरांना त्यांच्या गरजेप्रमाणे लागू पडते. व्हीलचेअर वापरणाऱ्याला रेझ्युमेवर एक ओळही लिहावी लागत नाही, मात्र बोलावणे आल्यावर इमारतीला लिफ्ट आणि उतार आहे का, हे विचारावेच लागते. दृष्टिहीन उमेदवाराला ऑनलाइन चाचणी असेल तर ती स्क्रीन रीडरने वाचता येते का, हे आधी विचारावे लागते. अशा चाचण्यांत प्रश्न चित्रांच्या स्वरूपात टाकलेले असतात, आणि चाचणी सुरू झाल्यावर ते लक्षात आले तर वेळ निघून जातो. एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता येतात का हे तपासण्याचे काम असेल, किंवा संस्था याच क्षेत्रातली असेल, किंवा जाहिरातीतच दिव्यांग उमेदवार हवेत असे म्हटले असेल, तर अपंगत्वाचा अनुभव ही पात्रता ठरते आणि ती पानाच्या वरच्या भागातच यावी.

दीर्घ आजारांचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण त्यांतले बरेच कायद्याच्या एकवीस प्रकारांत बसत नाहीत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन यांना यादीत जागा आहे. मधुमेह, अपस्मार, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग यांना स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येकी चारेक तास डायलिसिसवर असणाऱ्या माणसाने रेझ्युमेवर ते लिहिले, तर त्याच्या मागे दिव्यांग कायद्याचा तोकडा आधारही नसतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आढळतो. तिथल्या तरुणाकडे प्रमाणपत्र असू शकते, पण वेदनेचे झटके कधी येतील आणि रजा किती लागेल, हे त्याला स्वतःलाही नेमके सांगता येत नाही. अशांनी रेझ्युमेवर आणि पहिल्या मुलाखतीत आजार काढू नये असेच मी म्हणेन. नोकरी देऊ केल्यानंतर, रुजू होण्यापूर्वी, कामाच्या वेळा ठरत असताना बोलावे. डायलिसिसवाल्याने 'मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर मी उपलब्ध नसेन, ते तास सकाळी भरून काढीन' असे सांगितले, तर समोरच्याला वेळापत्रकावर विचार करता येतो. नुसते 'माझी किडनी निकामी आहे' म्हटल्यावर त्याला फक्त दया किंवा भीती वाटू शकते.

आजारपणात गेलेल्या वर्षांची पोकळी हा याचाच पोटप्रश्न. ती झाकण्यासाठी तारखा ओढूनताणून जोडणे वाईट, कारण अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी यांतून खरे काय ते बाहेर येते आणि मग आजाराऐवजी लबाडी हाच विषय होतो. पोकळी थोडक्यात मान्य करावी: 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती, आता पूर्णवेळ कामास उपलब्ध.' कोणता आजार, हे लिहू नये. मानसिक आजारांत हा संयम दुप्पट महत्त्वाचा. कामातल्या खंडाचे कारण शारीरिक दुखापत सांगणाऱ्या आणि मानसिक आजार सांगणाऱ्या अर्जदारांची तुलना अमेरिकेत झाली, तेव्हा दुसऱ्या गटाला कमी बोलावणी आली. खंड दोघांचाही होता, कलंक मात्र एकालाच चिकटला.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो: ही फसवणूक नव्हे का? मालकाला माणूस पारखण्याचा अधिकार आहे, मग त्याच्यापासून प्रकृतीची बाब दडवणे प्रामाणिकपणाला धरून आहे का? आक्षेप मोलाचा आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. न विचारलेली बाब न सांगणे हे मौन. विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे हे असत्य. रेझ्युमे ही आपल्या पात्रतेची आपण केलेली निवड असते. तिथे कुणी दहावीला गणितात पडलेले गुण लिहीत नाही आणि कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. मात्र आपल्याकडच्या जुन्या बायोडाटाच्या साच्यात 'प्रकृती: उत्तम' अशी ओळ असते आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची सहीनिशी घोषणा. दीर्घ आजार असलेल्याने तो साचा तसाच उतरवला, तर मौनाचे असत्य होते. ती ओळ काढून टाकावी. जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती यांनाही खासगी नोकरीच्या रेझ्युमेवर काही काम नाही.

नेमणुकीवेळच्या वैद्यकीय घोषणापत्रात मात्र खोटे लिहू नये. तिथे विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर दिल्यास पुढे कधीही तेवढ्याच कारणाने नोकरी जाऊ शकते, आणि तेव्हा काम कितीही चांगले असले तरी बाजू लंगडी पडते. प्रश्नच अवाजवी असेल तर न्यायालये उमेदवाराच्या बाजूने उभी राहिल्याचेही दाखले आहेत. आयुर्विमा महामंडळाने एका महिला कर्मचाऱ्याला तिने घोषणापत्रात मासिक पाळीबाबत खोटी माहिती देऊन गरोदरपण लपवले असे म्हणत काढून टाकले, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि असले लज्जास्पद रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले. एचआयव्ही असलेल्या एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ठरवले, की जो काम करण्यास सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही, त्याला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. पुढे 2017 च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यासच मनाई केली. या आजाराच्या बाबतीत तरी मौनाला कायद्याचा भक्कम आधार आहे.

मौनाची मर्यादा आहे ती इतरांच्या जिवाची. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीच्या नमुना क्र. 1 च्या स्वयंघोषणेत अपस्माराबद्दल आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट विचारलेले असते. अपस्मार असलेल्याने ड्रायव्हरच्या जागेसाठी गप्प राहणे हे कुठल्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. उंचावरचे काम, क्रेन, भट्टी यांनाही तेच लागू. पण याच माणसाला लेखापाल किंवा अनुवादक व्हायचे असेल, तर त्याचा अपस्मार मालकाच्या कामाची बाब उरत नाही. झटका आला तर काय करावे, हे त्याने रुजू झाल्यावर शेजारच्या दोन सहकाऱ्यांना सांगितले की पुरते. कसोटी कामाच्या मूळ स्वरूपाची आहे.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा. जी कंपनी अपंगत्व वाचून मला नाकारील, तिथे मला कामच करायचे नाही. मग आधीच लिहून चाळणी का लावू नये? ज्याच्या हातात तीन नोकऱ्या आहेत, त्याने जरूर लावावी, आणि अशांनी उघडपणे लिहिल्याने पुढच्यांची वाट रुंदावते हेही खरे. पण पहिल्या चाळणीत रेझ्युमे बाजूला ठेवणारा एचआरमधला कनिष्ठ कर्मचारी म्हणजे सगळी कंपनी नव्हे. तोच उमेदवार प्रत्यक्ष भेटला असता, तर ज्याच्या हाताखाली काम करायचे त्या टीम लीडने त्याला आनंदाने घेतले असते, असे होऊ शकते. अपरिचयातून आलेला नकार आणि द्वेषातून आलेला नकार कागदावर सारखेच दिसतात. भेटीनंतर मात्र त्यांतला पहिला पुष्कळदा विरघळतो. ज्याच्या घरात पगाराची निकड आहे, त्याने ती भेट मिळण्याआधीच दार लावून घेऊ नये.

जिथे सांगायचे ठरेल तिथे ते लेखी सांगावे, हा शेवटचा तपशील बरेच जण विसरतात. एचआरशी जिन्यात झालेले बोलणे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही, साहेब बदलले की तर नाहीच. नेमणुकीचे पत्र स्वीकारताना त्याच ई-मेलमध्ये लागणारी सोय, ती कधीपासून हवी आणि तिचा खर्च कोणाचा, हे एका परिच्छेदात लिहावे. कंपनीत वीस किंवा अधिक माणसे असतील तर समान संधी धोरणाची प्रत आणि संपर्क अधिकाऱ्याचे नाव मागावे. ते मिळाले नाही, तर मागितल्याचा तो ई-मेलच पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करायच्या तक्रारीचा पहिला कागद ठरतो. म्हणून तो कंपनीच्या खात्यावरून न पाठवता स्वतःच्या खात्यावरून पाठवावा. नोकरी सुटली की कंपनीचे खाते त्याच दिवशी बंद होते.